जाऊन-येऊन सरासरी चाल किती आणि सरासरी वेग किती? डेक्कन क्वीनच्या एका फेरीचा पूर्ण हिशेब

पुण्याहून सकाळी ७:१५ ला सुटणारी डेक्कन क्वीन १०:२५ ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोचते. संध्याकाळी ५:१० ला ती तिथून निघते आणि रात्री ८:२५ ला पुण्यात परत येते. रोज ये-जा करणारा एखादा पासधारक सकाळी तिने गेला आणि रात्री तिनेच परतला, तर त्याने रुळांवरून १९२ अधिक १९२, म्हणजे ३८४ किलोमीटर प्रवास केला. त्याची दिवसभराची सरासरी चाल ताशी २९ किलोमीटरच्या आसपास येते. सरासरी वेग मात्र शून्य येतो. शून्याच्या जवळपासची एखादी संख्या नव्हे, नेमका शून्य.

इथे बहुतेक विद्यार्थी अडतात. दिवसभर धावून वेग शून्य कसा, म्हणजे सूत्रातच काही गडबड असणार, असे त्यांना वाटते. सूत्र बरोबर आहे. फक्त दोन सूत्रे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात आणि प्रश्न नीट वेगळे केले नाहीत की उत्तरे एकमेकांत मिसळतात. या लेखात आपण याच एका फेरीचा हिशेब पायरीपायरीने करू. त्यानंतर सायकलने घाट चढण्या-उतरण्याचे एक उदाहरण घेऊ, कारण जाता-येताना चाल फार वेगळी असली की चुका जास्त होतात आणि त्या उघड दिसतात. गाड्यांच्या वेळा बदलत राहतात. वरच्या वेळा आपण हिशेबासाठी धरल्या आहेत. आजचे वेळापत्रक वेगळे असेल तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

आधी शब्दांची अडचण

गोंधळाचे एक मूळ आपल्या बोलीतच आहे. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना वेगच म्हणतो. रस्त्याकडेच्या फलकावर वेगमर्यादा लिहिलेली असते, पोलीस अतिवेगाचा दंड लावतात, गाडीतल्या काट्याला आपण वेग दाखवणारा काटा म्हणतो. या सगळ्या ठिकाणी पदार्थविज्ञानाच्या भाषेत जी राशी आहे ती चाल. काट्याला गाडी मुंबईकडे चालली आहे की पुण्याकडे हे ठाऊक नसते आणि दंड लावणाऱ्यालाही त्याच्याशी कर्तव्य नसते.

चाल सांगते, किती वाट किती वेळात कापली. वेग सांगतो, जागा किती बदलली, कोणत्या दिशेने बदलली आणि त्याला किती वेळ लागला. कापलेल्या वाटेला अंतर म्हणतात. निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंत सरळ रेषेत जे मोजायचे, दिशेसकट, त्याला विस्थापन. सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ आणि सरासरी वेग म्हणजे एकूण विस्थापन भागिले तोच एकूण वेळ. खालचा आकडा, म्हणजे वेळ, दोन्हींत एकच आहे. सगळा फरक वरच्या आकड्यात आहे. हे पक्के धरले की पुढचा हिशेब सोपा आहे.

पहिली पायरी: घड्याळ कधी सुरू, कधी बंद

आकडेमोड करण्याआधी वहीत एक ओळ लिहावी: कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा हिशेब आहे. ही ओळ न लिहिल्याने जितकी उत्तरे चुकतात तितकी गुणाकार-भागाकाराने चुकत नाहीत.

आपल्या फेरीत तीन वेगवेगळे कालावधी धरता येतात. नुसते जाणे धरले तर ७:१५ ते १०:२५, म्हणजे ३ तास १० मिनिटे. नुसते येणे धरले तर ५:१० ते ८:२५, म्हणजे ३ तास १५ मिनिटे. पूर्ण फेरी धरली तर सकाळी ७:१५ ते रात्री ८:२५, म्हणजे १३ तास १० मिनिटे, आणि यात मुंबईतले ६ तास ४५ मिनिटेही आले. (कचेरी स्थानकाला लागूनच आहे असे समजू आणि तेवढी पायपीट सोडून देऊ.)

मधला मुक्काम धरायचा की नाही, हे आपण ठरवायचे असते. गाडी किती जोरात धावते हे हवे असेल तर तो वगळावा. दिवसभरात माणसाचा प्रवास कसा झाला हे हवे असेल तर धरावा. मात्र एकदा ठरवले की चाल आणि वेग या दोन्हींसाठी तोच कालावधी वापरायचा. चाल काढताना मुक्काम वगळला आणि वेग काढताना धरला, तर त्या दोन उत्तरांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही. प्रश्नपत्रिकेत मुक्काम दिला असेल आणि तो वगळा असे लिहिले नसेल, तर तो एकूण वेळेत धरावा. सरासरी चालीच्या व्याख्येत ‘एकूण वेळ’ असा शब्द आहे, ‘धावण्याचा वेळ’ असा नाही.

दुसरी पायरी: अंतर आणि विस्थापन वेगवेगळ्या रकान्यांत

वहीचे पान उभे दुभागावे. डावीकडे अंतर, उजवीकडे विस्थापन.

डावीकडचे काम सोपे आहे. मुंबई ते कर्जत १०० किलोमीटर, कर्जत ते लोणावळा बोरघाटातले २८ आणि लोणावळा ते पुणे ६४, असे रुळांवरचे १९२ किलोमीटर. जाताना १९२, येताना १९२, बेरीज ३८४. अंतर फक्त वाढते, कधी कमी होत नाही. चाकाने मागे फिरायचे ठरवले म्हणून आधी कापलेली वाट पुसली जात नाही.

उजवीकडे रुळांचा आकडा चालत नाही. पुणे आणि मुंबईची स्थानके नकाशावर सरळ रेषेने जोडली तर ती रेषा सुमारे ११९ किलोमीटर भरते. लोहमार्ग १९२ किलोमीटरचा आहे, कारण तो मुंबईहून आधी ईशान्येकडे कल्याणला जातो, तिथून दक्षिणेकडे वळून कर्जतला येतो आणि मग घाट चढून पुण्याची दिशा धरतो. म्हणून एकेरी प्रवासातही सरासरी चाल आणि सरासरी वेग सारखे नाहीत. पुणे ते मुंबई जाताना सरासरी चाल १९२ भागिले ३.१६७, म्हणजे ताशी ६०.६ किलोमीटर. सरासरी वेग ११९ भागिले ३.१६७, म्हणजे ताशी ३७.६ किलोमीटर, पश्चिम-वायव्येकडे. दिशा लिहिल्याशिवाय वेगाचे उत्तर पुरे होत नाही.

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, मग विस्थापनात ती उंची नको का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतो आणि तो रास्त आहे. काटेकोर हिशेबात हवी. पण ११९ किलोमीटरच्या आडव्या रेषेत अर्धा किलोमीटर उभा मिळवला तर सरळ रेषेची लांबी जेमतेम एका मीटरने वाढते. म्हणून ती सोडून देता येते. तीन किलोमीटरच्या खड्या पायवाटेने गड चढताना मात्र सोडता येणार नाही.

आता परतीचे विस्थापन. तेही ११९ किलोमीटरच, पण उलट दिशेने, पूर्व-आग्नेयेकडे. उजव्या रकान्यात ते वजा चिन्हाने जाते. ११९ वजा ११९ म्हणजे शून्य.

तिसरी पायरी: चिन्हे कशी द्यायची

रेल्वेने हे काम आपल्यासाठी आधीच करून ठेवले आहे. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईपासून दूर जाणारी डाऊन. अपला अधिक धरा, डाऊनला वजा. उलट धरले तरी चालेल, फक्त हिशेब संपेपर्यंत बदलू नये.

इथे एक गफलत टाळायची आहे. चिन्हाचा चढण-उतरणीशी काही संबंध नाही. बोरघाटात डाऊन गाडी घाट चढते आणि अप गाडी उतरते. चढ ३७ मीटरला १ मीटर इतका कडक आहे. बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात ती याच चढासाठी. चढताना गाडी हळू चालते म्हणून तिचा वेग वजा, असे काही नसते. वजा म्हणजे आपण निवडलेल्या दिशेच्या उलट, एवढेच. गाडी हळू आहे की जोरात हे संख्येच्या आकारावरून कळते, चिन्हावरून नाही.

चौथी पायरी: भागाकार

मुक्काम धरून एकूण वेळ १३ तास १० मिनिटे, म्हणजे १३.१६७ तास. मिनिटांचे तासांत रूपांतर करताना १० भागिले ६० करायचे. १३.१० लिहून भागाकार करणे ही फार वारंवार दिसणारी चूक आहे. घड्याळातले १३:१० आणि दशांश अपूर्णांकातले १३.१० यांत चार मिनिटांचा फरक आहे. ३ तास ४५ मिनिटांचे ३.४५ लिहिले तर तब्बल १८ मिनिटे हरवतात.

सरासरी चाल: ३८४ भागिले १३.१६७, म्हणजे ताशी २९.२ किलोमीटर.

मुक्काम वगळला तर धावण्याचा वेळ ६ तास २५ मिनिटे. ३८४ भागिले ६.४१७, म्हणजे ताशी ५९.८ किलोमीटर.

सरासरी वेग: शून्य भागिले १३.१६७. शून्य. मुक्काम वगळून ६.४१७ ने भागले तरी शून्यच. मुक्कामामुळे सरासरी चाल अर्ध्यावर आली, पण वेगावर तिळमात्र परिणाम झाला नाही. वरचा आकडाच शून्य असेल तर खाली काहीही घाला.

इथे बहुतेकांची चूक होते

आता एक वेगळी वाट घेऊन पाहू. जातानाचा सरासरी वेग ताशी अधिक ३७.६, येतानाचा ११९ भागिले ३.२५, म्हणजे वजा ३६.६. दोन्हींची बेरीज करून दोनाने भागले तर अधिक ०.५ येते. म्हणजे हा प्रवासी दर तासाला अर्धा किलोमीटर मुंबईकडे सरकतो आहे. पण तो तर रात्री पुण्याच्या फलाटावर उतरला. उत्तर उघड चुकले आहे.

चूक सरासरीची सरासरी काढण्यात आहे. जाताना ३ तास १० मिनिटे लागली आणि येताना ३ तास १५. दोनाने भागताना आपण दोन्ही टप्प्यांना सारखे वजन दिले, पण वजन मिळायला हवे वेळेच्या प्रमाणात. प्रत्येक वेगाला त्याच्या तासांनी गुणून बघा: ३७.६ गुणिले ३.१६७ म्हणजे ११९, आणि वजा ३६.६ गुणिले ३.२५ म्हणजे वजा ११९. बेरीज शून्य. (दशांशस्थळे कापल्याने शेवटच्या अंकात किंचित इकडेतिकडे होईल, तेवढे चालते.) येताना पाच मिनिटे जास्त लागली, त्याच प्रमाणात येतानाचा वेग लहान झाला, आणि दोघांचा मेळ नेमका बसला.

डेक्कन क्वीनच्या बाबतीत जाता-येतानाच्या वेळा इतक्या जवळ आहेत की ही चूक छोटी दिसते. चालीच्या बाबतीत तर ती जवळजवळ झाकली जाते: ६०.६ आणि ५९.१ यांची साधी सरासरी ५९.९ आणि खरी सरासरी चाल ५९.८. असे एक-दोन हिशेब जमून गेले की साधी सरासरी चालते असा समज घट्ट होतो. म्हणून आता जाता-येताना मोठा फरक असलेले उदाहरण घेऊ.

घाटाची सायकलफेरी

समजा १२ किलोमीटरचा एक घाट आहे. सायकलस्वार ताशी १२ किलोमीटरने चढतो आणि माथ्यावर न थांबता लगेच वळून ताशी ३६ किलोमीटरने उतरतो. फेरीची सरासरी चाल किती?

मनात पटकन येणारे उत्तर २४. बारा आणि छत्तीसच्या बरोबर मधले. पण हिशेब करा. चढायला १ तास, उतरायला २० मिनिटे. २४ किलोमीटरला ८० मिनिटे लागली, म्हणजे सरासरी चाल ताशी १८ किलोमीटर.

सहा किलोमीटर कुठे गेले? तो हळू चाललेला वेळ जोरात चाललेल्या वेळेच्या तिप्पट आहे. ८० मिनिटांतली ६० मिनिटे तो १२ च्या चालीत होता आणि फक्त २० मिनिटे ३६ च्या. सरासरी वेळेच्या बाजूने ओढली जाते, म्हणून ती १२ कडे झुकली. साधी सरासरी बरोबर यायला दोन्ही चालींना सारखा वेळ मिळायला हवा. जाऊन-येऊनच्या प्रवासात सारखे असते ते अंतर. अंतर सारखे आणि चाल वेगळी असेल तर वेळ सारखा असूच शकत नाही. म्हणून जाऊन-येऊन प्रवासात खरी सरासरी चाल साध्या सरासरीपेक्षा नेहमी कमीच येते. जाता-येतानाची चाल अगदी सारखी असेल तेव्हाच दोन्ही एक होतात.

अंतर दिलेले नसेल, फक्त दोन चाली दिल्या असतील, तर दोन्ही चालींचा गुणाकार दुप्पट करून त्यांच्या बेरजेने भागावे: २ गुणिले १२ गुणिले ३६, भागिले ४८, उत्तर १८. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा कुठलेही सोयीचे अंतर मानून घेणे जास्त भरवशाचे आहे. दोन्ही चालींनी भाग जाणारी संख्या घ्यावी, इथे ३६ किलोमीटर. चढायला ३ तास, उतरायला १, एकूण ७२ किलोमीटर ४ तासांत, उत्तर पुन्हा १८. सूत्र विसरले तरी ही रीत विसरत नाही. शिवाय मधे मुक्काम आला किंवा जाण्या-येण्याचे रस्ते वेगळ्या लांबीचे निघाले तर सूत्र लागू पडत नाही, पण एकूण अंतर भागिले एकूण वेळ ही रीत तेव्हाही चालते.

याच उदाहरणातून एक चकवणारा प्रश्न तयार होतो. चढताना चाल १२ होती, तर फेरीची सरासरी २४ यावी म्हणून कितीने उतरायला हवे? ३६ हे उत्तर आता आपण देणार नाही. २४ किलोमीटर ताशी २४ ने कापायचे तर एकूण वेळ १ तास हवा. तो तास चढण्यातच संपला. उतरायला शून्य मिनिटे उरली. म्हणजे कितीही जोरात उतरले तरी सरासरी २४ होणार नाही. चढतानाच्या चालीची दुप्पट ही गाठता न येणारी हद्द आहे.

मिनिटागणिक दोन्ही आकडे

सरासरी वेग फेरीच्या शेवटी एकदम शून्यावर आदळत नाही. तो कसा उतरत जातो ते या घाटावर छान दिसते. इथे घाटाचा रस्ता सरळ ताणून घेतला आहे असे समजू, म्हणजे वळणांचा विचार बाजूला राहील आणि फक्त परतण्याचा परिणाम दिसेल.

६० व्या मिनिटाला सायकलस्वार माथ्यावर आहे. अंतर १२, विस्थापनही १२. सरासरी चाल ताशी १२, सरासरी वेगही ताशी १२, वरच्या दिशेने. इथपर्यंत दोघांत काही फरक नाही, कारण तो एकदाही मागे फिरलेला नाही.

७० व्या मिनिटाला तो ६ किलोमीटर उतरला आहे. कापलेले अंतर १८, पण पायथ्यापासून तो ६ किलोमीटरवरच आहे. सरासरी चाल १८ भागिले १.१६७, म्हणजे ताशी १५.४. सरासरी वेग ६ भागिले १.१६७, म्हणजे ताशी ५.१.

८० व्या मिनिटाला पायथा. सरासरी चाल १८, सरासरी वेग शून्य.

वळल्यापासून एक आकडा चढतो आहे आणि दुसरा उतरतो आहे, आणि सायकल तीच आहे. उतरताना जोर वाढल्याने चालीची सरासरी वाढली. त्याच जोराने तो निघालेल्या जागेकडे लवकर आल्याने वेगाची सरासरी घसरली. ७० व्या मिनिटाच्या सरासरी वेगाची दिशा अजूनही ‘वर’ आहे, जरी त्या क्षणी तो खाली चालला आहे, हेही पाहून ठेवावे. सरासरी वेगाची दिशा विस्थापनाची असते, त्या क्षणाच्या हालचालीची नाही.

आलेखाच्या कागदावर हे काढले तर आणखी स्पष्ट होते. आडव्या अक्षावर १ सेंटीमीटरला १० मिनिटे, उभ्या अक्षावर १ सेंटीमीटरला २ किलोमीटर. पायथ्यापासूनचे स्थान मांडले तर रेषा ६ सेंटीमीटर पुढे जाईपर्यंत ६ सेंटीमीटर चढते आणि पुढच्या २ सेंटीमीटरमध्ये तितकीच खाली येते: एका बाजूला सौम्य, दुसऱ्या बाजूला उभट डोंगर. सुरुवातीच्या बिंदूपासून हव्या त्या क्षणाच्या बिंदूपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली की त्या रेघेचा चढ म्हणजे सरासरी वेग. फेरी पुरी झाल्यावर ही रेघ आडव्या अक्षावरच पडते. आता त्याच कागदावर अंतराचा आलेख काढा. माथ्यापर्यंत तो आधीच्या रेषेवरच जातो, आणि तिथून खाली उतरण्याऐवजी तितक्याच उभट चढाने वर जातो. उतरणीचा भाग आरशात उलटा केल्यासारखा. हा उलटा केलेला तुकडा म्हणजेच चाल आणि वेग यांच्यातला सगळा फरक.

स्वतः मोजायचे असेल तर

रोजच्या ओळखीचा, चढ असलेला तीन-चार किलोमीटरचा रस्ता घ्यावा. दुचाकीच्या अंतरमापकावर शेवटचा अंक शंभर मीटरचा असतो, त्यामुळे एक किलोमीटरपेक्षा लहान रस्त्यावर चूक दहा टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. निघताना अंतरमापक आणि घड्याळ दोन्ही लिहून घ्यावेत, वळताना पुन्हा, परतल्यावर पुन्हा. वळण्याची वेळ लिहायला बरेच जण विसरतात. मग एकूण चाल निघते, पण जातानाची आणि येतानाची वेगळी निघत नाही. गाडी थांबवूनच लिहावे.

काट्यावर दिसणाऱ्या चालीची नोंद घेऊन सरासरी काढू नये. एक तर काटा खऱ्या चालीपेक्षा थोडे जास्तच दाखवतो, तसा तो मुद्दाम बनवलेला असतो. दुसरे म्हणजे आपण काट्याकडे बघतो ते मोकळ्या रस्त्यावर. सिग्नलपाशी, खड्ड्यापाशी नजर रस्त्यावर असते. त्यामुळे हळू चाललेले क्षण नोंदीत येतच नाहीत.

फोनवरच्या नोंदीत दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, त्यातली सरासरी चाल थांबण्याचा वेळ धरून आहे की वगळून. पुष्कळ अ‍ॅपमध्ये थांबलात की घड्याळ आपोआप थांबते, आणि मग घड्याळ बघून काढलेल्या आकड्याशी मेळ बसत नाही. दुसरी, उभे असताना वाढणारे अंतर. उपग्रहांवरून मिळणारी जागा एकाच ठिकाणी स्थिर राहत नाही, काही मीटर इकडेतिकडे हलत राहते, आणि त्या हलण्याचीही वाट म्हणून बेरीज होते. उंच इमारतींमध्ये आणि खोल घाटात हे जास्त होते. अंतर असे फुगते, पण विस्थापन फुगत नाही: इकडे सरकलेला ठिपका तिकडेही सरकतो आणि बेरजेत तो आपोआप मिटतो. फेरी संपल्यावर नोंदीतला पहिला आणि शेवटचा ठिपका पाहावा. त्यांच्यात पाच-दहा मीटर असतील तर नोंद ठीक आहे. शंभर-दोनशे मीटर निघाले तर बहुधा सुरुवातीला फोनला उपग्रह सापडायला वेळ लागला आणि पहिला तुकडा नोंदलाच गेला नाही. मग अंतरही तितके कमी धरलेले असणार.

सरासरी वेग शून्य येणे हा असा हाताशी असलेला ताळा आहे. प्रत्येक टप्प्याचा वेग चिन्हासकट त्याच्या वेळेने गुणून बेरीज करा. निघालेल्या जागी परत आला असाल तर ती शून्य यायलाच हवी. आली नाही तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे, वेळ चुकली आहे किंवा एक टप्पा लिहायचा राहिला आहे. चालीला असा ताळा नाही. चालीच्या बेरजेत चुकलेला टप्पा तसाच लपून राहतो.

फेरी खरंच पुरी झाली का

शेवटी एक सावधगिरी. धावपट्टीवर फेऱ्या मारल्या म्हणजे विस्थापन शून्यच, असे डोळे झाकून लिहू नये. ४०० मीटरच्या धावपट्टीवर १० हजार मीटरची शर्यत २५ पूर्ण फेऱ्यांची असते. धावपटू जिथून सुटला तिथेच संपवतो आणि सरासरी वेग शून्य. पण ५ हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. ही शर्यत समाप्तीरेषेच्या समोरच्या कोपऱ्यातून सुटते. प्रमाणित धावपट्टीचा सरळ भाग ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर. या मापांवरून सुटण्याची जागा आणि समाप्ती यांच्यातली तिरकी रेषा सुमारे ११२ मीटर निघते.

बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला ५ हजार मीटर १३ मिनिटे १९.३० सेकंदांत पार केले. ते ७९९.३ सेकंद झाले. सरासरी चाल ५००० भागिले ७९९.३, म्हणजे सेकंदाला ६.२६ मीटर. सरासरी वेग ११२ भागिले ७९९.३, म्हणजे सेकंदाला ०.१४ मीटर, सुटण्याच्या रेषेकडून समाप्तीरेषेकडे. बारा फेऱ्यांनी विस्थापनात काहीच भर घातली नाही. उरलेल्या अर्ध्या फेरीने घातली, तीही २०० मीटर धावून ११२ मीटरची.